निळा पंप, पण औषध कोणते?

परवा मध्यरात्री आमच्या अपघात विभागात चौसष्ट वर्षांच्या एक आजी आल्या. दम इतका लागला होता की एक वाक्य पूर्ण बोलता येईना. मुलगी म्हणाली, "डॉक्टर, निळ्या पंपाचे आठ पफ दिले, काहीच फरक नाही." मी पंप हातात घेतला आणि निळ्या प्लास्टिकमधला धातूचा डबा बाहेर ओढला. त्यावर नाव होते बुडेसोनाइड. दुपारी दोन्ही पंपांची प्लास्टिकची आवरणे धुऊन वाळवली होती आणि परत बसवताना डबे बदलले होते.

बुडेसोनाइड हे स्टिरॉइड आहे. ते श्वासनलिकेची सूज हळूहळू कमी करते. रोज घेतले तर झटके टळतात, पण ऐन झटक्यात एकट्याने उपयोगी पडत नाही. तेव्हा हवे असते सालब्युटामॉल किंवा लेव्होसालब्युटामॉल. आवळलेली श्वासनलिका ते काही मिनिटांत सैल करते. आजींना तेच नेब्युलायझरने दिले, ऑक्सिजन लावला आणि पहाटे त्या सावरल्या.

म्हणून रंगावर विसंबू नका. कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो. डबा बाहेर काढून ब्रँडखालचे औषधाचे मूळ नाव वाचा. एक अपवाद लक्षात ठेवा. बुडेसोनाइडसोबत फॉर्मोटेरॉल असेल तर तो पंप झटक्यातही चालू शकतो, कारण फॉर्मोटेरॉल लवकर काम करते. 2019 पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात ही पद्धत आली आहे. मात्र तुमच्या डॉक्टरांनी तसे लिहून दिलेले असले पाहिजे.

ज्या घरात हृदयरोगीही आहे, तिथे आणखी एक गोंधळ होतो. नायट्रोग्लिसरीनचा स्प्रेही खिशात मावणारा असतो. पण त्याला तोंडात धरायची नळी नसते, वर दाबायचे बटण असते. लेबलवर 'ग्लिसरील ट्रायनायट्रेट' असेही लिहिलेले असू शकते. तो बसून जिभेखाली मारायचा, श्वासासोबत ओढायचा नाही. दम्यात तो दिला तर श्वासनलिका मोकळी होणार नाही, उलट रक्तदाब उतरून चक्कर येईल.

आज दिवसाउजेडी घरातले सगळे पंप टेबलावर मांडा. मूळ नाव आणि मुदत वाचा. मग धातूच्या डब्यावर चिकटपट्टी लावून मराठीत लिहा, 'दम लागल्यावर' किंवा 'रोजचे'. स्प्रेवर लिहा, 'छातीत दुखल्यावर, जिभेखाली'. चिठ्ठी प्लास्टिकच्या आवरणावर नको, ते बदलू शकते.

सालब्युटामॉलचे चार पफ, स्पेसरमधून एकेक करून देऊनही आराम नसेल, किंवा रुग्णाला बोलताच येत नसेल, तर 108 ला फोन करा. रुग्णालयात येताना पंप सोबत आणा.