आरशापुढे नाव शिकवा, नावे ठेवू नका

बाळाला आरशापुढे धरले की आपल्या घरात दोन गोष्टी ऐकू येतात. एक, "नाक कुठंय?" दुसरी, "बघ, कसं नकटं नाक!" पहिलीने मूल शब्द शिकते. दुसरीने आपल्या चेहऱ्यात काहीतरी कमी आहे, हे शिकते. रंगावरून, नाकावरून माणसाची किंमत करण्याची सवय आपण बाहेर नाकारतो. मग ती घरच्या आरशात तरी का ठेवावी, असे आमचे म्हणणे आहे.

हा खेळ कधी सुरू करावा? वर्षाच्या बाळाला आरशात दुसरेच मूल दिसते, ते त्याला हसून हात लावते. म्हणून आधी आरसा नको. आईने स्वतःच्या नाकाला हात लावावा, मग बाळाच्या नाकाला, आणि दोन्ही वेळा "नाक" म्हणावे. एका वेळी नाक, डोळे, कान एवढेच पुरे.

दीड वर्षानंतर एक गंमत करून पाहा. तोंड पुसताना नकळत नाकावर पिठाचा ठिपका लावा आणि आरसा दाखवा. मुलाने काचेऐवजी स्वतःच्या नाकाला हात लावला, तर आरशात आपणच आहोत हे त्याला कळले. बिउला ॲमस्टरडॅम या संशोधिकेने 1972 साली अशीच चाचणी प्रसिद्ध केली होती. बहुतेक मुलांना हे दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान जमते. तुमच्या मुलाला जमले नाही तर काही आठवड्यांनी पुन्हा बघा.

भावनांची नावे मात्र खोटे तोंड करून नीट शिकता येत नाहीत. समजा, पावणेदोन वर्षांच्या मुलीचा चेंडू दादाने घेतला आणि ती पाय आपटते आहे. त्याच वेळी आजीने म्हणावे, "तुला राग आला. दादानं चेंडू घेतला ना." नाव आणि कारण, दोन्ही एकदम. ती शांत झाल्यावर आरशापुढे आजीने कपाळाला आठ्या घालाव्यात, "राग आला की असं होतं." रडत्या मुलीला आरसा दाखवून "बघ, कशी दिसतेस" म्हटले, तर ती रागाचे नाव शिकत नाही, लाज शिकते. आधी आनंद, राग, रडू एवढेच घ्या. भीती ओळखणे मुलांना उशिरा जमते.

याचा उपयोग आजारपणात दिसतो. रात्री नुसते रडणारे मूल आणि कानावर हात ठेवून "कान, बाऊ" म्हणणारे मूल, यांत डॉक्टरांचे काम कोण सोपे करते ते सांगायला नको. म्हणून शू-शीच्या जागेलाही न लाजता नाव द्या. तिथे दुखले किंवा कोणी हात लावला, तर मुलाला सांगता आले पाहिजे.

दोन वर्षे पूर्ण होऊनही मूल विचारल्यावर एकही अवयव दाखवत नसेल, किंवा मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर "बोलेल हळूहळू" म्हणून थांबू नका. अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाला दाखवा आणि कान तपासून घ्या.