विश्लेषण : पिस्तुलासाठी होल्स्टर निवडताना ‘चामडे की प्लास्टिक’ हा प्रश्न सर्वांत शेवटी का विचारावा?

पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज, पोलीस पडताळणी, प्रशिक्षण असे महिनोन्‌महिने जातात. पिस्तूल घेतानाही चार दुकाने पाहिली जातात. होल्स्टर मात्र निघता निघता काउंटरवर दिसेल ते उचलले जाते. फार तर ‘चामड्याचे दाखवा, टिकाऊ असते’ एवढीच मागणी होते. निवडीचा हा क्रमच उलटा आहे. होल्स्टर पहिल्यांदा ट्रिगर झाकते का हे पाहायचे, मग ते पिस्तूल घट्ट धरते का हे पाहायचे आणि ते कशाचे आहे हा प्रश्न त्यानंतर विचारायचा. हा क्रम चुकला तर त्याची किंमत बहुतेक वेळा मालकाच्याच मांडीला किंवा पायाला मोजावी लागते.

होल्स्टर वापरणे बंधनकारक आहे का?

होय. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम ३२ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे असेल तर ते त्यासाठीच बनवलेल्या आणि अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच प्रकारच्या पिशवीत असावे लागते. ते पूर्ण झाकलेले असावे आणि बाळगणाऱ्याचे त्यावर प्रभावी नियंत्रण असावे, असेही हा नियम सांगतो. म्हणजे पँटच्या कमरेत खोचून फिरणे हे केवळ धोक्याचेच नाही, तर नियमबाह्यही आहे. पण होल्स्टर कसे असावे, त्याने पिस्तुलाचा नेमका कोणता भाग झाकलाच पाहिजे, याबद्दल नियम काही सांगत नाही. बाजारात मिळणारी ‘कोणत्याही पिस्तुलाला चालणारी’ नायलॉनची पिशवी म्हणूनच नियमात बसते, पण सुरक्षिततेच्या कसोटीवर नापास होते.

ट्रिगर गार्ड झाकणे इतके महत्त्वाचे का?

ट्रिगरभोवतीच्या धातूच्या किंवा पॉलिमरच्या कडीला ट्रिगर गार्ड म्हणतात. तिच्या आत बोट किंवा दुसरे काहीही शिरून ट्रिगरवर दाब आला की गोळी सुटू शकते. पिस्तुलाला तो दाब बोटाचा आहे की शर्टाच्या टोकाचा, हे कळत नाही.

अमेरिकी फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस यांचे प्रकरण या बाबतीत बोलके आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाइट क्लबमध्ये त्यांनी ग्लॉक पिस्तूल होल्स्टरशिवाय, स्वेटपँटच्या कमरेत खोचले होते. ते घसरले आणि गोळी सुटून त्यांच्याच मांडीत शिरली. न्यूयॉर्कमध्ये ते बाळगण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता, त्यामुळे पुढे तुरुंगवासही झाला. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून निसटल्याचे तेव्हा सांगण्यात आले. दोन्ही शस्त्रे वेगळी, प्रसंगही वेगळे. पण दोन्ही वेळा शस्त्र हातातून किंवा कमरेतून सुटले आणि जखम मालकालाच झाली.

होल्स्टर असूनही अपघात होतो तो बहुधा पिस्तूल परत आत ठेवताना. ग्लॉकसारख्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. पिस्तूल खाली दाबताना हात सहज त्याहून जास्त जोर लावतो. अशा वेळी शर्टाचे टोक, जॅकेटची दोरी किंवा होल्स्टरचाच पट्टा गार्डच्या आत अडकला, तर ट्रिगर जागेवर अडून राहतो आणि पिस्तूल खाली सरकते. म्हणजे बोट न लावताही ट्रिगर ओढला जातो. नळीचे तोंड त्या क्षणी मांडीकडे असते.

‘माझ्या पिस्तुलाला सेफ्टी आहे, मग काळजी कशाला’ असे अनेक जण म्हणतात. सेफ्टीचा खटका चालताना, गाडीत बसताना कपड्याला घासून खाली सरकू शकतो. सेफ्टी ही दुसरी भिंत आहे. ट्रिगर झाकणारे होल्स्टर ही पहिली.

ट्रिगर नीट झाकला आहे, हे कसे ओळखावे?

आधी मॅगझिन काढावे, स्लाइड मागे ओढून चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवाव्यात. मगच पुढची तपासणी करावी. रिकामे पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवून ते दोन्ही बाजूंनी उजेडात पाहावे. ट्रिगर गार्डच्या आतली पोकळी कुठूनही दिसता कामा नये, तिथे करंगळीही शिरता कामा नये.

दुसरी तपासणी बहुतेक जण करत नाहीत. स्लाइड ओढून पिस्तूल कॉक करावे, रिकामे असल्याची पुन्हा खात्री करून ते होल्स्टरमध्ये ठेवावे आणि नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून बाहेरून ट्रिगरच्या जागी अंगठ्याने जोरात दाबावे. ‘टक्’ असा आवाज आला, तर त्या होल्स्टरने ट्रिगर नुसता डोळ्यांआड केला आहे, त्याचे रक्षण केलेले नाही. पातळ नायलॉन आणि मऊ पडलेले चामडे नेमके इथे नापास होते. झाकणारा भाग बाहेरून दाबला तरी आत न वाकणारा हवा.

पिस्तूल धरून ठेवण्याची पकड कशी हवी?

होल्स्टरची पकड दोन कामे करते. धावताना, वाकताना, पडताना पिस्तूल बाहेर येऊ नये हे पहिले काम. दुसऱ्याच्या हाताला ते सहज ओढून घेता येऊ नये हे दुसरे. पहिले काम मुख्यतः नेमक्या मापाने होते. पिस्तुलाच्या आकारावर साचा घेऊन बनवलेल्या प्लास्टिकच्या होल्स्टरमध्ये पकडीची जागा बहुधा ट्रिगर गार्डपाशीच असते. तिथल्या खोबणीत गार्ड बसला की ‘खट्’ असा आवाज येतो. त्यामुळे ज्या होल्स्टरमध्ये आपले मॉडेल नीट बसत नाही, त्यात बहुधा पकड आणि ट्रिगरचे संरक्षण दोन्ही एकदमच बिघडतात.

दुसऱ्या कामासाठी पट्टा किंवा कुलूप लागते. अंगठ्याने बटण सोडवायचा पट्टा जुना आणि परिचित आहे. पण पिस्तूल परत ठेवताना तो पट्टा बाहेरच्या बाजूला वळलेला राहायला हवा, नाहीतर तोच गार्डमध्ये शिरतो. काही होल्स्टरमध्ये कुलपाचे बटण तर्जनीने आत दाबावे लागते. घाईत बोटाचा तो दाब तसाच राहतो आणि पिस्तूल वर येताच बोट थेट ट्रिगरवर उतरते. अमेरिकेतील काही प्रशिक्षण संस्था या प्रकारची होल्स्टर वर्गात आणू देत नाहीत. नव्या मालकाने अंगठ्याने उघडणारी रचनाच घ्यावी.

पकड तपासायची असेल तर रिकामे पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवून ते गादीवर उलटे धरावे आणि हलवावे. ते पडता कामा नये. मग होल्स्टर पट्ट्याला लावून उठबस करावी, वाकावे, उड्या माराव्यात. शेवटी पिस्तूल ओढून पाहावे. पिस्तुलाबरोबर होल्स्टरही वर येत असेल तर दोष क्लिपमध्ये किंवा कमरेच्या पातळ पट्ट्यात आहे. प्लास्टिकच्या होल्स्टरचे स्क्रू रोजच्या हालचालीने ढिले होतात. स्क्रूवरून बाजूच्या भागापर्यंत रंगाची बारीक रेघ मारून ठेवली, तर तो फिरल्याचे लगेच दिसते.

मग चामडे चांगले की प्लास्टिक?

चांगले चामडे अंगाला टोचत नाही, आवाज करत नाही आणि वापराने पिस्तुलाच्या आकाराला सरावते. त्याचा दोषही याच गुणातून येतो, कारण ते मऊ होतच राहते. काही वर्षांनी तोंडाचा काठ आत दुमडू लागतो आणि पिस्तूल ठेवताना तो काठच ट्रिगर दाबू शकतो. असे अपघात झालेले आहेत. म्हणून चामड्याच्या होल्स्टरच्या तोंडाशी धातूची पट्टी किंवा जाड दुहेरी चामडे शिवलेले हवे. पट्टा आवळून, पिस्तूल बाहेर काढल्यावरही तोंड उघडेच राहते का, हे दर महिन्याला पाहावे. मिटत असेल तर ते होल्स्टर बाद. कोकणासारख्या दमट हवेत आणखी एक अडचण येते. चामडे घाम आणि ओल धरून ठेवते, त्याला बुरशी येते आणि आत ठेवलेल्या पिस्तुलाला गंज चढतो. त्यामुळे घरी आल्यावर पिस्तूल चामड्यात ठेवून कपाटबंद करू नये.

कायडेक्ससारखे साच्यातले प्लास्टिक घाम शोषत नाही, आकार धरून राहते आणि पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडे ठेवते. ते अंगाला कडक लागते, आत धूळ गेली की पिस्तुलाच्या पॉलिशवर ओरखडे उठतात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर राहिले तर ते वाकू शकते. स्क्रूच्या भोकापाशी किंवा वळणावर बारीक तडा जातो. पण हे दोष डोळ्यांना दिसतात. चामडे हळूहळू दगा देते आणि रोज वापरणाऱ्याला ते जाणवत नाही. नव्या मालकाने पहिले होल्स्टर साच्यातल्या प्लास्टिकचे घ्यावे, असे माझे मत त्यामुळेच आहे.

प्रत्यक्षात निवड कशी होईल?

समजा, सांगलीतील एका सराफाने .३२ बोअरचे देशी पिस्तूल घेतले आहे. दुकानातून मिळालेल्या नायलॉनच्या पिशवीत ते बसते. पण अंगठ्याने दाबताच ‘टक्’ असा आवाज येतो, म्हणून ती पिशवी बाद. ओळखीचा कारागीर चामड्याचे होल्स्टर शिवून देतो. ते दिसायला देखणे आहे, पट्टाही आहे, पण पिस्तूल काढताच तोंड मिटते. गाडीत बसून एका हाताने पिस्तूल परत ठेवायची वेळ आली तर काठ आत जाणारच, म्हणून तेही बाद. तिसरे त्याच मॉडेलच्या साच्यावरचे प्लास्टिकचे. ते दोन्ही तपासण्यांत उत्तीर्ण होते, म्हणून कमरेला कडक लागले तरी तेच घ्यायचे. देशी पिस्तुलांचे साचे सगळीकडे मिळत नाहीत, त्यामुळे माप देऊन करून घ्यावे लागते. पण परवाना नसलेल्या कारागिराच्या ताब्यात पिस्तूल ठेवून येता येत नाही. माप आपल्यासमोर किंवा डमीवरच घ्यायला हवे.

नियमात काय बदलायला हवे?

नियम ३२ मध्ये ‘पूर्ण झाकलेले’ या शब्दांना ‘ट्रिगर गार्ड न वाकणाऱ्या भागाने झाकलेले’ एवढी जोड दिली, तरी बाजारातल्या अर्ध्या पिशव्या आपोआप मागे पडतील. नियमांनुसार परवान्याआधीच्या प्रशिक्षणात शस्त्र सुरक्षित हाताळणे आणि बाळगणे शिकवणे अपेक्षित आहे. त्यात होल्स्टरची ही तपासणी घालायला वेगळा खर्च नाही. दहा मिनिटे पुरतात. तोवर होल्स्टर विकत घेण्याआधी ती दहा मिनिटे मालकानेच काढावीत.