दीडशे अक्षरांतील ओळख

स्वतंत्रपणे काम करणारे गृहसजावटकार आज आपले दुकान इन्स्टाग्रामवर मांडतात. तेथील परिचयासाठी दीडशे अक्षरांचीच मर्यादा आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात. असे असूनही ही मोलाची जागा बहुधा 'स्वप्नांना आकार देणारी' यांसारख्या शब्दांवर खर्ची पडते. घराची किल्ली नुकतीच हाती आलेल्या कुटुंबाला त्यातून काहीच उमगत नाही, असे माझे मत आहे.

पुण्यातील एका सजावटकार भगिनीचे उदाहरण घेऊ. तिचा परिचय असा असावा : 'पुणे व पिंपरी-चिंचवड. १ व २ बीएचके सदनिकांची अंतर्गत सजावट. आराखडा व देखरेख, सुतार तुमचा. चौकशीसाठी कार्पेट एरिया व ताब्याची तारीख कळवा.' ही १३६ अक्षरे होतात. 'सुतार तुमचा' हे दोन शब्द यात सर्वांत महत्त्वाचे. सजावटकार केवळ आराखडा देणार की सामान आणि कारागिरांसह सर्व काम अंगावर घेणार, यावरच खर्चाचा सारा हिशेब फिरतो, आणि भांडणे होतात तीही येथेच. नावाच्या रकान्यात नुसते नाव न लिहिता त्यापुढे 'इंटिरिअर डिझायनर, पुणे' असे जोडावे. शोध घेणाऱ्यास ते सापडण्याची शक्यता वाढते.

स्टोरी चोवीस तासांनी दिसेनाशी होते. जपून ठेवायच्या त्या हायलाइटमध्ये जातात. वर्तुळाखालील लांब शीर्षक मध्येच कापले जाते, म्हणून 'स्वयंपाकघर', 'आधी-नंतर', 'शुल्क' अशी आखूड नावे बरी. 'प्रेरणा' या शीर्षकाखाली इतरांची चित्रे ठेवण्याची प्रथा मला मुळीच रुचत नाही. त्याऐवजी 'थ्रीडी' आणि 'पूर्ण कामे' अशी दोन वर्तुळे वेगळी ठेवावीत. संगणकावरील चित्रात विजेची बटणे, वायरी, भिंतीचा किंचित वाकडेपणा सहसा दिसत नाही. तेच पूर्ण झालेले काम म्हणून खपवले की ग्राहकाची फसगत होते.

२०२२ पासून तीन पोस्ट सर्वांत वर खिळवून ठेवता येतात. त्यांपैकी एक शुल्काची असावी. मजकुराच्या पहिल्या एक-दोन ओळीच आपोआप दिसतात, तेव्हा नमस्कार-चमत्कारात त्या दवडू नयेत. नमुन्यादाखल ६२० चौरस फूट कार्पेट एरिया आणि चौरस फुटास १२० रुपये दर धरला, तर आराखड्याचे शुल्क ७४,४०० रुपये होते. सजावटकाराची जीएसटी नोंदणी असल्यास कर वेगळा. पहिली ओळ अशी : '६२० चौ. फुटांच्या घराचे आराखडा-शुल्क ७४,४०० रुपये, फर्निचर वेगळे.' त्याखाली हप्ते लिहावेत : मोजमापाच्या वेळी ३० टक्के, मांडणी मान्य झाल्यावर ४०, कामाची रेखाचित्रे हाती दिल्यावर उरलेले ३०. दुरुस्त्या किती वेळा विनाशुल्क, हेही तेथेच यावे.

दर उघड केल्यास गिऱ्हाईक पळते, असे काही सजावटकार म्हणतात. पळते ते बहुधा अंदाजपत्रक पाहूनही पळालेच असते. फक्त तोवर मोजमापाच्या दोन फेऱ्या फुकट गेलेल्या असतात.