दाराशी दाखवलेले ओळखपत्र : वर्ध्याचे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, वर्धा
मा. पोलीस अधीक्षक, वर्धा

विषय : सरकारी अधिकारी म्हणून घरी येणाऱ्या व्यक्तीचे ओळखपत्र खरे की खोटे, हे ओळखण्याची रीत आणि त्यासाठी कार्यालयांकडून हवी असलेली सोय.

दाराशी आलेला माणूस ओळखपत्र दाखवतो, तेव्हा तो फक्त एक दावा करत असतो. प्लास्टिकचे कार्ड, राजमुद्रा, फोटो आणि गळ्यातली पट्टी या चारही वस्तू बाजारात कोणालाही करून मिळतात. म्हणून नुसते कार्ड पाहून एवढेच कळते की ते उघडउघड खोटे आहे की नाही. ते खरे आहे, याची खात्री मात्र ज्या कार्यालयाने ते दिले त्या कार्यालयाकडूनच होते. कार्ड वाचणे आणि कार्यालयाला विचारणे ही दोन वेगळी कामे आहेत. फसवणूक होते ती बहुतेक वेळा पहिल्या कामावरच थांबल्यामुळे.

वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाला एक खास बाजू आहे. इथे १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. त्यामुळे पोलिसांचे किंवा राज्य उत्पादन शुल्क विभागाचे पथक साध्या कपड्यांत, संध्याकाळच्या वेळी एखाद्या घरी येऊन झडती घेते, यात गावाला नवल वाटत नाही. खऱ्या कारवाईची हीच सवय तोतयाच्या उपयोगी पडते. ज्या घरात दारूचा थेंब नाही, तेही घर शेजाऱ्यांसमोर झडती होण्याच्या बदनामीला भिते आणि 'इथेच मिटवून टाकू' म्हणणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवायला तयार होते.

कार्डापेक्षा रुबाब किती काम करतो, हे मुंबईत १९ मार्च १९८७ रोजी दिसले. मोनसिंग या नावाने वावरणाऱ्या एका माणसाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन तरुण उमेदवार बोलावले, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि सीबीआयची धाड म्हणून त्यांना ऑपेरा हाउसजवळच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीत नेले. झडतीचे वॉरंट दाखवले गेले, फोन करायला मनाई झाली, दागिने 'नमुने' म्हणून पिशव्यांत भरले गेले. मग तो माल घेऊन निघून गेला आणि पुन्हा सापडला नाही. त्याच्यासोबतचे तरुण मागेच थांबले होते, कारण आपण खऱ्या धाडीवर आलो आहोत असेच त्यांना वाटत होते. सोबत आलेल्यांचा प्रामाणिक चेहरा हा पुरावा ठरत नाही, हे या प्रकरणातून कळते. आणखी एक गोष्ट त्याहून उपयोगाची आहे. त्या दुपारी पेढीतून बाहेर एक फोन करता आला असता, तर सगळा बनाव तिथेच उघडा पडला असता. फोन करू न देणे हा त्या फसवणुकीचा कणा होता, आणि आजही दाराशी आलेला तोतया पहिल्यांदा घरच्यांच्या हातातला मोबाइल बाजूला ठेवायला लावतो.

आता कार्ड वाचण्याविषयी. कार्ड हातात मिळालेच पाहिजे असे नाही. अधिकारी ते आपल्याच हातात ठेवू शकतो, पण नीट वाचता येईल इतका वेळ त्याने ते समोर धरले पाहिजे. पाकीट उघडून लगेच मिटणे म्हणजे ओळखपत्र दाखवणे नव्हे. कार्डावर पूर्ण नाव, पदनाम, कार्यालयाचे नाव आणि ते कार्ड देणाऱ्या अधिकाऱ्याची सही हवी. मुदत छापलेली असेल, तर ती संपलेली नाही ना हे पाहावे.

सगळ्यात जास्त माहिती पदनामातून मिळते. राज्य उत्पादन शुल्क विभागात जवान, सहायक दुय्यम निरीक्षक, दुय्यम निरीक्षक, निरीक्षक, उपअधीक्षक आणि अधीक्षक अशी पदे आहेत. नुसते 'एक्साइज ऑफिसर' किंवा 'स्पेशल ऑफिसर' एवढेच लिहिलेले कार्ड संशयास्पद समजावे. पोलिसांत शिपायापासून सहायक फौजदारापर्यंतच्या अंमलदारांना बक्कल नंबर असतो आणि तो विचारला तर खरा अंमलदार अडखळत नाही. उपनिरीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांची ओळख बक्कल नंबराने नव्हे, तर नाव, पद आणि पोलीस ठाणे यांवरून पटवायची असते.

राजमुद्रेत सिंहांच्या खाली 'सत्यमेव जयते' हे शब्द असतात. ते नसतील, तर मुद्रा अपुरी आहे. पण ते आहेत म्हणून कार्ड खरे ठरत नाही. सरकारी वाटेल अशा नावाच्या खासगी संघटनाही आपल्या सभासदांना कार्डे देतात. 'मानवाधिकार', 'भ्रष्टाचार निर्मूलन', 'गुन्हे अन्वेषण' असे शब्द, वर तिरंगा, खाली नोंदणी क्रमांक. संस्थेची नोंदणी झाली म्हणजे तिच्या सभासदाला कोणाच्या घरात शिरण्याचा किंवा झडतीचा अधिकार मिळत नाही. हल्ली कार्डावर क्यूआर कोडही असतो. तो कोणत्या पत्त्यावर नेतो हे वाचल्याशिवाय त्याला अर्थ नाही. जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ `wardha.gov.in` आहे. त्यातल्या पहिल्या टिंबाच्या जागी आडवी रेघ असेल, किंवा `gov.in` नंतर आणखी टिंब देऊन वेगळे नाव जोडलेले असेल, तर ते संकेतस्थळ सरकारचे नाही.

खात्री करण्याची पद्धत साधी आहे, मात्र तिच्यात एक अट पाळावी लागते. फोनचा नंबर घरच्यांनी स्वतः शोधलेला असावा. कार्डावर छापलेला किंवा आलेल्या माणसाने सांगितलेला नंबर वापरू नये, कारण त्या नंबरावर त्याचाच जोडीदार 'साहेब' म्हणून बोलू शकतो. गावात यासाठी आणखी एक जुना आणि भरवशाचा मार्ग आहे, तो म्हणजे पोलीस पाटील. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार नेमलेल्या या माणसाचा ठाण्याशी रोजचा संबंध असतो. बीटवरचे अंमलदार त्याला चेहऱ्याने माहीत असतात आणि नसले तरी कोणाला विचारायचे हे त्याला ठाऊक असते.

एक उदाहरण घेऊ. सेलू तालुक्यातल्या एका घरासमोर संध्याकाळी सातला जीप थांबते. दोघे उतरतात, 'उत्पादन शुल्कवाले आहोत, तुमच्याकडे माल असल्याची खबर आहे' म्हणतात आणि कार्ड दाखवतात. घरच्या बाईंनी जाळीचे दार लावलेलेच ठेवावे आणि आतूनच कार्डावरचे नाव, पदनाम व कार्यालय कागदावर मोठ्याने वाचत उतरवून घ्यावे. मोठ्याने वाचल्यामुळे शेजाऱ्यांना ऐकू जाते आणि समोरच्यालाही कळते की नोंद होते आहे. मग पोलीस पाटलांना एक फोन करावा आणि तो लागला नाही तर ११२ वर. तिथे घरचा पत्ता, आलेल्यांची सांगितलेली नावे आणि जीपचा नंबर सांगून, अशी कारवाई सुरू आहे का, एवढे विचारावे. हे सगळे पाच-दहा मिनिटांत होते. खरे पथक तेवढा वेळ कुरकुरत का होईना थांबते. तोतया घाई करतो, आवाज चढवतो, नाहीतर 'पुन्हा येतो' म्हणून जीपकडे वळतो.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. 'वॉरंट दाखवा' हा प्रश्न प्रत्येक वेळी निर्णायक नसतो, कारण ठरावीक परिस्थितीत कारणे लेखी नोंदवून वॉरंटशिवायही झडती घेता येते. खऱ्या पथकाला ओळख पटल्यावरही दार न उघडणे म्हणजे सरकारी कामात अडथळा ठरू शकतो आणि झडतीचा अधिकार असलेला अधिकारी दार तोडूनही आत येऊ शकतो. ओळख विचारणे आणि ती पडताळून पाहणे हा अडथळा नव्हे. त्यानंतरही अडून राहणे हा अडथळा.

माणूस आत आल्यावरही पडताळणी संपत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ नुसार झडतीच्या वेळी त्याच परिसरातले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच लागतात. घरात राहणाऱ्याला झडतीवेळी हजर राहता येते. जप्त वस्तूंची यादी होते, तिच्यावर पंचांच्या सह्या होतात आणि तिची प्रत घरच्यांना मिळते. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची असते. कलम १०५ नुसार झडतीचे चित्रीकरणही व्हायचे असते. म्हणून पंच नकोत, यादी नको आणि मोबाइल बंद ठेवा असे कोणी म्हणत असेल, तर कार्ड कितीही चकचकीत असले तरी तिथे लगेच ११२ ला फोन करावा. आणि सगळ्यात ठळक खूण म्हणजे रोख पैशांची मागणी. दारूबंदीच्या गुन्ह्याचा दंड कोणाच्या ओसरीवर, पावतीशिवाय, हातात घेतला जात नाही. अंगावरचे दागिने 'सुरक्षित ठेवा' म्हणून काढायला लावून कागदाच्या पुडीत बांधून देण्याचे कामही कोणतेच पोलीस करत नाहीत. पोलीस असल्याची बतावणी करून होणाऱ्या चोऱ्यांत हीच पुडी बदलली जाते.

वीजचोरीच्या तपासणीलाही स्वतंत्र नियम आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३५ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत राहत्या घराची अशी तपासणी तिथे राहणारा प्रौढ पुरुष हजर असल्याशिवाय करता येत नाही. रात्री घरात फक्त बायका-मुले असताना भरारी पथक म्हणून कोणी आले, तर कार्ड खरे असले तरी तपासणी सकाळवर जाते. ओळखपत्र आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निलंबित कर्मचाऱ्याकडे खरे कार्ड राहिलेले असू शकते, आणि दुसऱ्याच तालुक्यातला खरा कर्मचारीही खासगी वसुलीला येऊ शकतो. म्हणून कार्यालयाला 'हा माणूस तुमचा आहे का' एवढेच विचारून भागत नाही. 'आज, या घरी, या कामासाठी तुम्ही त्याला पाठवले आहे का', असे विचारावे लागते.

तोतया निघून गेला, तरी तक्रार द्यावी. लोकसेवक असल्याची बतावणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे आणि त्याला किमान सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आहे. फसवण्याच्या हेतूने लोकसेवकाचा पोशाख किंवा चिन्ह वापरणे हा कलम २०५ खालचा गुन्हा आहे. पैसे गेले नसले तरी ही कलमे लागतात. उतरवून घेतलेले नाव, जीपचा नंबर आणि वेळ तक्रारीत लिहावी. त्याने मागे टाकलेला कागद असेल, तर तो न चुरगाळता ठाण्यात द्यावा.

ही पडताळणी घरच्यांना एकट्याने पूर्ण करता येत नाही. फोनच्या दुसऱ्या टोकाला उत्तर देणारे कोणीतरी लागते. संध्याकाळी सहानंतर कार्यालयातला फोन वाजत राहतो आणि कोणी उचलत नाही, ही अडचण आपण दोघांनी मनावर घेतली तर सुटण्यासारखी आहे. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठही तालुक्यांतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर पोलीस ठाण्याचा, पोलीस पाटलाचा आणि राज्य उत्पादन शुल्क कार्यालयाचा नंबर ठळक अक्षरांत लिहून घ्यावा. नियंत्रण कक्षाला त्या रात्री बाहेर असलेल्या पथकांची माहिती असावी, म्हणजे विचारणाऱ्याला कारवाईचे गुपित न फोडता 'पथक आमचे आहे' किंवा 'आमचे नाही, दार उघडू नका, गाडी पाठवतो' एवढे उत्तर तत्काळ देता येईल. आणि पथकांना लेखी सूचना असावी, की ओळख पटेपर्यंत थांबणाऱ्या घराविरुद्ध त्या कारणाने अडथळ्याचा गुन्हा नोंदवला जाणार नाही.

वर्धा जिल्ह्यातील एक रहिवासी