दास्ताने खटला आणि ‘वेडाचा दाखला’

१/ ‘डॉक्टरचा दाखला जोडा, घटस्फोट मिळेल’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो चुकीचा तर आहेच, क्रूरही आहे. का, ते पुण्यातल्या एका खटल्यावरून पाहू. विधी शाखेचे विद्यार्थी तो ‘क्रौर्य’ या प्रकरणात वाचतात. त्यातला येरवड्याचा धागा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

२/ एप्रिल १९५६. मुलीच्या वडिलांनी वरपक्षाला दोन पत्रे लिहिली. मुलीला पूर्वी उष्माघात झाला होता, त्याचा काही काळ मनावर परिणाम झाला, येरवड्याच्या मनोरुग्णालयात उपचार झाले आणि ती बरी झाली, असा त्यांचा आशय होता. दुसऱ्या पत्रात मेंदूच्या मलेरियाचेही कारण दिले होते. पुढच्याच महिन्यात पुण्यात लग्न झाले.

३/ संसारात तीन मुली झाल्या, आणि भांडणेही. फेब्रुवारी १९६१ मध्ये पतिपत्नी वेगळी झाली. वर्षभराने पतीने अर्ज केला: फसवणूक झाली म्हणून विवाह रद्द करा, नाही तर पत्नी वेडी आहे म्हणून घटस्फोट द्या, तेही नाही तर क्रौर्यासाठी न्यायिक विभक्तता द्या. लग्नाआधी उघडपणे सांगितलेला आजार आता आरोप झाला होता.

४/ १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याची तेव्हाची अट कडक होती. वेड असाध्य हवे आणि अर्जापूर्वी सलग तीन वर्षे टिकलेले हवे. पहिल्याच न्यायालयाने फसवणूक आणि वेड हे दोन्ही आरोप फेटाळले. क्रौर्य तेवढे मान्य केले. अपिलात तेही टिकले नाही.

५/ सर्वोच्च न्यायालयात केवळ क्रौर्याचा मुद्दा उरला. १९ मार्च १९७५ रोजी न्या. यशवंत चंद्रचूड यांनी निकाल दिला. पत्नीचे काही वर्तन क्रौर्यच होते, पण त्यानंतरही सहजीवन चालू राहिले, म्हणजे पतीने ते माफ केले, असे ठरले. अपील फेटाळले गेले. विवाहाच्या दाव्यात फौजदारी खटल्याइतका ‘निःसंशय’ पुरावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे पाहावे, हा नियमही याच निकालाने पक्का केला.

६/ पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, कायदा बदलला. तीन वर्षांची अट गेली. असाध्य वेडाबरोबर, सतत किंवा अधूनमधून येणारा मनोविकारही घटस्फोटाचे कारण ठरला. आजारी जोडीदाराच्या संरक्षणासाठी एकच अट उरली: विकार अशा प्रकारचा आणि इतका तीव्र हवा की अर्जदाराने सोबत राहावे अशी अपेक्षा करणे वाजवी ठरू नये.

७/ सगळा वाद या ‘इतका’ शब्दाभोवती आहे. राम नारायण गुप्ता खटल्यात (१९८८) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्किझोफ्रेनिया हे नाव सिद्ध करून भागत नाही. तीव्रता सिद्ध करावी लागते. ती औषधाच्या चिठ्ठीवरून कळत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरची साक्ष आणि उलटतपासणी लागते. औषध चालू असताना ती व्यक्ती घर, मुले, नोकरी सांभाळते का, हे पाहावे लागते. शारदा खटल्याप्रमाणे (२००३) न्यायालय तपासणीचा आदेश देऊ शकते आणि नकाराचा प्रतिकूल अर्थ काढू शकते. पण आधी अर्जदाराकडे सबळ प्रथमदर्शनी पुरावा हवा.

८/ २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आणखी दोन कवचे दिली. आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कुणी ‘विकृत मनाचे’ ठरत नाही. आणि न्यायालयात आजाराचा पुरावा आला, समोरच्या पक्षाने तो नाकारला, तर प्रश्न मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवावाच लागतो.

९/ खरी फट इथेच आहे: ‘नाकारला, तर’. समजा, भंडाऱ्याजवळच्या शहापुरात राहणाऱ्या एका आजारी स्त्रीला समन्स आले. ती माहेरी आहे, गोळ्यांच्या गुंगीत आहे, वकील नाही. ती हजर राहिली नाही, तर पुरावा नाकारणार कोण? दावा एकतर्फी चालेल आणि मंडळाचा प्रश्नच उद्भवणार नाही. जितकी ती अधिक आजारी, तितके तिचे कवच पातळ!

१०/ उपाय जुनाच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम १५ प्रमाणे न्यायालयाने चौकशी करावी. ती स्वतःचे हित जपू शकत नसेल तर हितसंबंध आड येत नाहीत असा पालक नेमावा. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो. कलम २४ आणि २५ खाली पोटगी मागता येते. ‘पत्नी वेडी आहे’ असे शपथेवर सांगणाऱ्याला ‘तिला समन्स नीट कळले होते’ असेही म्हणू देणे हा न्यायाचा विनोद आहे.

११/ असह्य संसारातून सुटण्याचा हक्क निरोगी जोडीदारालाही आहे; तो नाकारण्याचे कारण नाही. पण १९५६ सालच्या त्या पित्याने खरे लिहिले आणि तेच सहा वर्षांनी मुलीविरुद्ध वापरले गेले. नुसत्या दाखल्यावर निकाल मिळू लागले, तर असे पत्र यापुढे कोणता बाप लिहील?