मांजराची ‘भेट’ आणि नवापूरचा धडा

सकाळी दार उघडावे आणि पायरीवर मेलेला उंदीर किंवा मान मोडलेली साळुंकी पडलेली असावी, शेजारी मांजर निवांत अंग चाटत बसलेले. मांजर पाळणाऱ्या घरांत हे दृश्य नवे नाही. ‘मनीने भेट आणली’ असे कौतुकाने म्हटले जाते. नंदुरबार जिल्ह्यात मात्र या भेटीकडे थोडे सावधपणे पाहायला हवे.

ही भेट असते का? मांजराची शिकार भुकेवर पूर्णपणे अवलंबून नसते. रॉबर्ट अ‍ॅडमेक यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मांजरे आवडीचे खाणे खात असताना समोर उंदीर सोडला गेला. मांजरांनी ताट सोडून उंदीर मारला, तो ताटापाशी आणला आणि पुन्हा आधीचेच खाणे सुरू केले. शिकार वाट्याला येईल तेव्हा साधायची, खायचे नंतर पाहायचे, असा हा स्वभाव आहे. मारलेली शिकार उघड्यावर ठेवली तर दुसरे मांजर किंवा कुत्रे ती पळवणार. म्हणून ती सर्वांत सुरक्षित जागी, म्हणजे घरी येते. तिथे वाटीत दूधभात तयार असतो, त्यामुळे उंदीर तसाच पडून राहतो.

आई मांजर पिल्लांसाठी आधी मेलेली, मग अर्धमेली आणि शेवटी जिवंत शिकार आणून त्यांना शिकवते, हे खरे आहे. पण बोके आणि नसबंदी केलेल्या मांजरीही शिकार घरी आणतात. त्यामुळे मालकाला शिकवण्याचा हा प्रयत्न असतो, हे स्पष्टीकरण पुरेसे ठरत नाही.

मांजराचा हेतू काहीही असो, दारात येते ते बाहेरच्या परिसराचे मेलेले प्राणी. बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूची भारतातील पहिली नोंद १८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूरच्या पोल्ट्रींत झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस जर्मनीतील र्‍युगेन बेटावर एक मेलेले मांजर याच विषाणूने बाधित आढळले. त्याआधी त्या बेटावर बाधित हंस मेले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लू नवापुरात पुन्हा आला. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात पाळीव मांजरांना एच५एन१ची लागण झाल्याचे उघड झाले आणि तिथली कोंबडी विक्रीची दुकाने २१ दिवस बंद ठेवावी लागली.

मांजराला हा आजार प्रामुख्याने बाधित पक्षी किंवा कच्चे मांस खाल्ल्याने होतो. इथे शिकारीचे एक साधे गणित लागू पडते. निरोगी पक्षी उडून जातो, आजारी पक्षी सहज हाती लागतो. म्हणजे मांजराने आणलेल्या पक्ष्यांत आजारी पक्षी येण्याची शक्यता जास्त. तरीही एखादा मेलेला पारवा म्हणजे बर्ड फ्लू नव्हे. मांजराकडून माणसाला लागण होणे अत्यंत दुर्मीळ आहे आणि २००६ मध्ये नवापुरात एकाही माणसाला लागण झाल्याचे आढळले नव्हते. परिसरात कोंबड्या, कावळे किंवा पारवे एकाएकी मरू लागले असतील आणि त्याच दिवसांत मांजर पक्षी आणत असेल, तर मात्र सावध व्हावे. त्यानंतर काही दिवसांत मांजराला ताप आला, त्याने खाणे सोडले, धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा झटके आले, तर त्याला कुशीत न घेता पशुवैद्यकाला कळवावे.

मेलेला प्राणी उघड्या हाताने उचलू नये. प्लास्टिकची पिशवी हातावर उलटी चढवून तो धरावा, पिशवी सुलटी करून गाठ मारावी आणि हात साबणाने धुवावेत. एकाहून अधिक पक्षी मेलेले दिसले तर ते परस्पर न पुरता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे, म्हणजे तपासणीसाठी नमुने घेता येतात.

मांजराला ओरडून ही सवय जात नाही. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१च्या अभ्यासात, मांसाचे प्रमाण जास्त असलेले खाद्य दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटे दोरीला बांधलेल्या पिसांशी खेळवल्यावर ती २५ टक्क्यांनी कमी झाली. गळ्यातल्या घंटीचा विशेष परिणाम दिसला नाही. नुसत्या दूधभातावर असलेल्या मांजराला शिजवलेले मासे किंवा कोंबडी द्यावी, कच्चे मांस नको. पोल्ट्रीच्या गावात साथ असेपर्यंत मांजर घरात ठेवावे आणि शेडला जाळी लावावी. तेवढ्याने ही भेट पायरीपर्यंत पोहोचण्याची वाट बरीचशी बंद होते.