टर्बो स्पिन: तासाला किती पैसे जातात, याचा साधा हिशेब

मे २०२५ पासून ब्रिटनमध्ये १८ ते २४ वयाच्या खेळाडूला ऑनलाइन स्लॉटमध्ये एका स्पिनवर २ पौंडांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. २५ आणि त्यापुढच्यांसाठी ही मर्यादा ५ पौंड आहे. बातमी त्या आकड्यांची झाली. पण मला विचाराल तर याहून महत्त्वाचा नियम तिथे ऑक्टोबर २०२१ पासूनच लागू आहे, आणि तो पैशांबद्दल नाही, सेकंदांबद्दल आहे. एक स्पिन किमान अडीच सेकंदांचा असलाच पाहिजे. ऑटोप्ले बंद, टर्बो बंद, आणि प्रत्येक स्पिनसाठी बोट उचलून बटण पुन्हा दाबायलाच हवं.

अडीच सेकंदांनी असा काय फरक पडतो? त्यासाठी आधी RTP समजून घेऊ. गेमच्या माहितीच्या पानावर ‘RTP 96%’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. बऱ्याच जणांना वाटतं, १०० भरले तर ९६ परत येणार, म्हणजे फार तर चार जातील. इथेच घोळ होतो. हे ९६ टक्के तुम्ही खात्यात भरलेल्या पैशांवर नसतात, लावलेल्या एकूण पैशांवर असतात. जिंकलेला पौंड तुम्ही परत लावलात की त्यावर पुन्हा ४ टक्के कापले जातात. तोच पैसा फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीत थोडा झिजतो.

म्हणून सूत्र असं:

तासाचं अपेक्षित नुकसान = एका स्पिनची रक्कम × तासातले स्पिन × ४ टक्के

समजा, तुम्ही दर स्पिनला १ पौंड लावता. हाताने, आरामात, मध्येच व्हॉट्सअॅप बघत खेळलात तर एका स्पिनला साधारण सहा सेकंद धरू. तासाला ६०० स्पिन झाले, म्हणजे ६०० पौंड लावले गेले. त्याचे ४ टक्के म्हणजे २४ पौंड.

आता टर्बो लावा आणि ऑटोप्ले सुरू करा. एक स्पिन एका सेकंदात संपतो असं धरलं तर तासाला ३,६०० स्पिन. नुकसान १४४ पौंड. गेम तोच, RTP तोच, लावलेली रक्कमही तीच. बदलला तो फक्त वेग, आणि नुकसान सहापट झालं.

हेच उलट बाजूने बघा. खात्यात १०० पौंड आहेत. ४ टक्क्यांच्या हिशेबाने ते सरासरी २,५०० स्पिन पुरतात. सहा सेकंदांच्या वेगाने हे चार तास दहा मिनिटं चालेल, टर्बोमध्ये बेचाळीस मिनिटांच्या आत संपेल. ब्रिटनच्या अडीच सेकंदांच्या नियमात तासाला जास्तीत जास्त १,४४० स्पिन होतात, म्हणजे पौंडाच्या स्पिनला ५७ पौंड ६० पेन्स. हेही काही कमी नाही, पण १४४ नाही.

‘अपेक्षित’ या शब्दाचा अर्थ मात्र नीट घ्या. एखाद्या तासात तुम्ही २०० पौंड जिंकूही शकता, किंवा दहा मिनिटांत सगळं घालवूही शकता. पण स्पिन जितके जास्त, तितका तुमचा खरा परतावा त्या ९६ टक्क्यांकडे सरकत जातो. आणि टर्बो नेमकं तेच करतो, तुमच्या एका तासात सहा तासांचे स्पिन कोंबतो.

ऑटोप्लेचं दुखणं थोडं वेगळं आहे. हाताने खेळताना चहा घ्यायला, फोन उचलायला थांबणं होतं, आणि त्या थांबण्यातच ‘बास आता’ हा विचार येतो. ऑटोप्लेमध्ये थांबण्यासाठी काहीतरी करावं लागतं, चालू ठेवण्यासाठी काहीच नाही. त्यात एक जुनी युक्ती अशी की १ पौंड लावून ४० पेन्स परत आले तरी जिंकल्यासारखं संगीत वाजायचं! साठ पेन्स गेले आणि वर बँडबाजा. ब्रिटनने २०२१ च्या त्याच नियमांत हेही बंद केलं. जानेवारी २०२५ पासून स्लॉट सोडून बाकीच्या कॅसिनो गेमनाही किमान पाच सेकंदांची अट आली.

हे नियम तिथल्या परवानाधारक कंपन्यांनाच लागू आहेत. लंडनमध्ये शिकणारा आपला कोणी परवाना नसलेल्या साइटवर गेला, तर तिथे हे संरक्षण नाही. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवरच बंदी आली आहे, त्यामुळे इथे किती सेकंद हा प्रश्नच कायद्यात येत नाही. बाहेरून चालणाऱ्या साइट्सवर टर्बोचं बटण मात्र असू शकतं.

एखाद्या गेमचा खरा वेग तपासायचा असेल तर कोणाच्या स्क्रीन रेकॉर्डिंगवर २० स्पिनना किती सेकंद लागले ते मोजा. ३,६०० ला त्या सेकंदांनी भागून २० ने गुणा, तासाचे स्पिन मिळतील. मग माहितीच्या पानावरचा RTP बघा, कारण एकच गेम वेगवेगळ्या साइटवर वेगळ्या RTP चा असू शकतो. ९६ ऐवजी ९४ असेल तर कापले जाणारे टक्के चाराचे सहा होतात आणि टर्बोचे १४४ पौंड थेट २१६ वर जातात.